बारावीला 65 टक्के, मग आर्किटेक्चरची यादी?

"मुलीला बारावीला 600 पैकी 390 आहेत, नाटाला 128. मैत्रिणीला 474 आहेत, पण नाटाला 104. आमची खूपच मागे पडेल ना? की बारावी परत द्यायला लावू?" नाशिकरोडच्या एका आईचा प्रश्न.

आधी तिचा हिशेब तपासला. 65 चे निम्मे साडेबत्तीस आणि 128 चे निम्मे 64, अशी बेरीज करून तिने साडेशहाण्णव काढले होते. ही चूक नेहमी होते, कारण नाटा ही आर्किटेक्चरची अभिरुची चाचणी 200 गुणांची असते हे विसरले जाते. बी. आर्क.च्या राज्य यादीत बारावी आणि नाटा यांना 50:50 वजन आहे, पण आधी दोन्ही शंभरापैकी करायचे. 128 म्हणजे 64 टक्के, त्याचे निम्मे 32. बारावीचे 32.5 मिळवले की 64.5. मैत्रिणीचे 39.5 आणि 26, म्हणजे 65.5.

बारावीत 84 गुणांचे अंतर, यादीत मात्र फक्त एका गुणाचे! आईला हे दोनदा मांडून दाखवावे लागले. यादीतला एक गुण वाढवायचा तर बारावीत 12 गुण वाढवावे लागतात, नाटात चारच पुरतात. म्हणजे नाटाचा एक गुण बारावीच्या तीन गुणांइतका भरतो. अशा वेळी मुलीला वर्षभर पुन्हा बारावीला बसवणे मला अजिबात पटत नाही. नाटाचा पुढचा प्रयत्न शिल्लक होता, आणि एकापेक्षा जास्त प्रयत्नांत सर्वांत जास्त असलेले गुण धरले जातात. तिचे गुण चित्र आणि रचनेच्या 80 गुणांच्या भागात गेले होते, म्हणून सराव तिथेच वाढवला. दुसऱ्यांदा 136 आले. 34 अधिक 32.5, म्हणजे 66.5.

एक गोष्ट इथे नीट पाहा. यादीसाठी बारावीच्या सहाही विषयांची बेरीज धरतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणिताचे गुण पात्रतेसाठी वेगळे बघतात. अनेक पालक त्याच तीन विषयांचे टक्के घेऊन बसतात. आणि मोठ्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या अनुभवावरून अंदाज बांधू नका, तिथे यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते.

तात्पुरती गुणवत्ता यादी आली तेव्हा तिच्या नावापुढे 64.5 च होते. अर्जात पहिल्याच प्रयत्नाचे 128 राहून गेले होते. हरकतींची मुदत दोन-चार दिवसांचीच असते. नव्या स्कोअरकार्डची प्रत जोडून तिने त्याच दिवशी तक्रार नोंदवली, आणि अंतिम यादीत 66.5 लागले. तुम्हीही यादीत क्रमांक शोधण्याआधी बारावीची बेरीज आणि नाटाचे गुण हे दोन आकडे गुणपत्रिकांशी ताडून घ्या. पुनर्मूल्यांकनात बारावीचे गुण बदलले असतील, तर तेही याच मुदतीत कळवा.