प्लेटलेट्सच्या आवाहनाखाली काय लिहावं

निखिल, डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट्स हव्यात, दाता शोधा, अशा त्या आवाहनाखाली तू हात जोडलेस, ठीक आहे. पण पेशंटच्या नातेवाइकांना फोन केलास का? पावसाळ्यात मुंबईत डेंग्यूचे असे मेसेज सारखे फिरतात आणि त्यातल्या बऱ्याच मेसेजवर तारीखच नसते. पेशंट घरी जातो, मेसेज फिरतच राहतो.

फोनवर आधी विचार, रक्तपेढी कुठली आणि एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्स हव्यात, की प्लेटलेट्सच्या साध्या पिशव्या. साध्या पिशव्या बहुधा साठ्यातून मिळतात, तिथे ई-रक्तकोष या सरकारी साइटवर साठा बघून रक्तपेढीला फोन केला की काम होतं. साइटवरचा आकडा शिळा असू शकतो, म्हणून फोन हवाच. एसडीपी मात्र दात्याला बोलावून मशीनवर काढतात. आधी रक्ताची तपासणी, मग मशीनवर तास-दीड तास. म्हणजे अर्धा दिवस गेलाच. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेला दाता चालत नाही. कल्याणहून लोकल पकडून आलेला माणूस त्यापायी परत जातो, म्हणून हे आधीच लिहायचं.

तुझं उत्तर असं हवं: “दुपारी ३.१० ला पेशंटच्या मुलाशी बोललो. परळ, बी पॉझिटिव्ह, एसडीपी, एक दाता हवा, आज रात्री ८ पर्यंत. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर येऊ नका. निघण्याआधी रक्तपेढीला फोन करा.”

दाता मिळाला की तिथेच “गरज पूर्ण झाली” असं लिही आणि मुलाचा नंबर काढून टाकायला सांग, नाहीतर त्याला आठवडाभर फोन येत राहतील.