ग्रे कोड लावला म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न: 80 मेगाहर्ट्झवरून 100 मेगाहर्ट्झच्या डोमेनमध्ये 8 बिटांचा डेटा न्यायचाय. प्रत्येक बिटाला टू-फ्लॉप सिंक्रोनायझर लावला तर चालेल का? की असिंक फिफोच लागेल?

नाही चालणार. टू-फ्लॉपमधला पहिला फ्लॉप डळमळला तर त्याला सावरायला एक अख्खी सायकल मिळते, एवढंच. सावरून तो जुन्या किमतीवर बसेल की नव्या, हे कुणाच्या हातात नाही. एका बिटाला त्याने बिघडत नाही, फार तर एक सायकल उशीर. आठ बिटांत मात्र तीन नवे आणि पाच जुने असा कधीच न पाठवलेला आकडा पलीकडे उतरतो.

तुमचे आणि माझे क्लॉक नेमके तेच निघाले, म्हणून लिहायला बसलो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. एडीसीकडून 80 वर सॅम्पल यायचे, पुढचं प्रोसेसिंग 100 वर, मध्ये हाताने लिहिलेला 16 खोलीचा असिंक फिफो. त्याचे रीड आणि राइट पॉइंटर पलीकडे जायचे ते ग्रे कोडमध्ये, म्हणजे दर पावलाला एकच बिट बदलावं म्हणून. दोन्ही क्लॉक एकाच क्रिस्टलवरून, पण वेगळ्या पीएलएलमधून. बोर्ड थंड असेपर्यंत सगळं गोड. अर्ध्या तासाने गरम झाला की मधूनच एखादी फ्रेम बिघडायची. फिफो आमच्या लीडने लिहिलेला. मी तिकडे बोट दाखवलं की सर म्हणायचे, "ग्रे कोड आहे ना त्यात? मग फिफो सोड, तुझा पॉवर सप्लाय बघ." मी तीन आठवडे कपॅसिटर बदलत बसलो. सिम्युलेशन स्वच्छ. आतले सिग्नल बघायला आयएलए जोडला की रूटिंग बदलायचं आणि रोग गायब.

शेवटी काही सुचेना म्हणून बिघडलेल्या फ्रेमचे सॅम्पल मोजले. 4096 हवे होते, आले 4128. दुसऱ्या फ्रेममध्येही 4128. पॉवर सप्लाय बिघडला तर दर वेळी नेमके 32 जादा कशाला देईल? खोली 16, पॉइंटर 5 बिटांचा, म्हणजे त्याची एक पूर्ण फेरी 32 ची. रीड पॉइंटर राइटला ओलांडून एक फेरी जास्त मारत होता.

कोड उघडला तर ग्रे कोड खरंच होता. पण बायनरी काउंटरच्या फ्लॉपमधून बिटं निघून XOR मधून जात होती आणि तिथून थेट पलीकडच्या सिंक्रोनायझरमध्ये. 7 वरून 8 वर जाताना बायनरी 00111 चं 01000 होतं, ग्रेमध्ये 00100 चं 01100. कागदावर एकच बिट बदलतं. पण सर्वांत खालचं ग्रे बिट म्हणजे खालच्या दोन बायनरी बिटांचा XOR. ती दोन्ही 1 ची 0 होताना एक जरा आधी पोचलं, तर XOR क्षणभर 1 दाखवतो. नेमकी तेव्हाच पलीकडची एज आली की 01101 पकडला जातो, म्हणजे 9. रीड बाजूला एक शब्द जादा दिसतो, आणि तो वाचला गेला की ती राइटच्या पुढे जाते. फिफो 'रिकामा' ठरतो दोन्ही पॉइंटर सारखे झाल्यावरच, आणि एकदा पुढे गेलेला पॉइंटर पूर्ण फेरी मारल्याशिवाय पुन्हा सारखा होत नाही. थंडीत एज त्या फटीत पडत नव्हती. तापल्यावर फेज सरकायची.

दुरुस्ती एका फ्लॉपची:

```verilog
always @(posedge wclk) begin
  wbin  <= wbin_next;
  wgray <= (wbin_next >> 1) ^ wbin_next;
end
```

सीमा ओलांडणारं प्रत्येक बिट थेट फ्लॉपमधूनच निघालं पाहिजे. हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "XOR नंतर फ्लॉप का नाही?" उत्तर मिळालं होतं, "एक सायकल लेटन्सी वाढेल." वर बघा, `wbin_next` वरून काढलं तर एकही वाढत नाही.

तर तुमचं. कॉन्फिगरेशनसारखा कधीतरी बदलणारा डेटा असेल तर हँडशेक पुरतो: डेटा स्थिर धरा, फक्त रिक्वेस्टचं एक बिट सिंक्रोनाइझ करा, ॲक परत येईपर्यंत डेटाला हात लावू नका. जाऊन-येऊन दोन्ही बाजूंच्या दोन-तीन सायकल जातात, त्यामुळे दर सायकलला डेटा येत असेल तर हे विसरा. तिथे फिफोच, आणि तोही स्वतः लिहू नका. व्हिवाडो असेल तर `xpm_fifo_async` घ्या.

स्वतः लिहायचाच हट्ट असेल तर दोन गोष्टी राहिल्या. `set_clock_groups -asynchronous` टाकून मोकळे झालात तर टूल त्या वाटा बघतच नाही. ग्रेची दोन बिटं एका राइट सायकलपेक्षा जास्त अंतराने पोचली तर लागोपाठचे दोन बदल एकमेकांत मिसळतात, आणि फ्लॉप असूनही तोच घोळ. तिथे `set_max_delay -datapath_only` द्या, 80 ला 12.5 नॅनोसेकंद. पण क्लॉक ग्रुप्स तसेच ठेवलेत तर ते याला खाऊन टाकतात, आधी ते काढा. दुसरं, खोली दोनाच्या घातातच ठेवा. 10 ची ठेवलीत तर पॉइंटर 19 वरून 0 वर येताना ग्रेची तीन बिटं एकदम बदलतात.