दराची चूक सहकाऱ्याला कशी सांगावी

जिनिंगमधून सूतगिरणीला गेलेल्या मेलमध्ये सहकाऱ्याने रुईचा दर खंडीऐवजी क्विंटलमागे लिहिल्याचे दिसले, तर ‘रिप्लाय ऑल’ करू नका, कारण त्या यादीत गिरणीचा खरेदी अधिकारीही असतो. खंडी सुमारे ३५६ किलोची, त्यामुळे दर साडेतीन पटींहून जास्त दिसतो. सौदा होण्याआधी सहकाऱ्याला एकट्याला फोन करून नेमकी ओळ सांगा: “भाऊ, दरापुढे खंडीच्या जागी क्विंटल पडलं आहे, एकदा पाहून घ्या.” व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मात्र नको, तिथे मालकही असतात. बाहेर पोहोचलेला मेल परत घेता येईल, या भरवशावर राहू नये. त्यानेच त्याच मेलला उत्तर देऊन, आधीचा दर रद्द समजावा असे स्पष्ट लिहून, सुधारित दर कळवावा.