छातीचं दुखणं थांबेल, पोटॅशियमची तपासणी थांबणार नाही

प्रश्न: "हृदय कमजोर झालंय म्हणून मी स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल घेतो. काही आठवड्यांपासून दोन्ही स्तनाग्रांखाली गाठीसारखं लागतंय, शर्ट घासला तरी दुखतं. सांगायला लाज वाटते. गोळी बंद करून टाकू का? दुसरी गोळी मिळाली तर या सततच्या रक्ततपासण्या तरी सुटतील ना?"

गोळी स्वतःहून बंद करू नका, हे मी या गृहस्थांना सगळ्यात आधी सांगितलं. अशक्त हृदयाला तिचा खरा आधार असतो. मग त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी हाताने तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंना स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी चकती लागली. दाबल्यावर ती दुखत होती. या औषधाने होणारी वाढ बहुतेक वेळा अशीच असते. गाठ एकाच बाजूला, कडक आणि मध्यापासून सरकलेली असती, किंवा स्तनाग्रातून स्राव येत असता, तर गोळीवर ठपका ठेवण्याआधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागली असती. पुरुषांनाही.

स्पायरोनोलॅक्टोन आल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं, पण तिथेच थांबत नाही. पुरुषी संप्रेरक पेशीत ज्या जागी बसतं, ती जागाही ते अडवतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रॅल्स या अभ्यासात ते घेणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे १० टक्क्यांना स्तन वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होतं. म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. स्त्रियांनाही यामुळे छाती दुखरी होणं, पाळी अनियमित होणं असे त्रास होतात.

बदलायला दोन औषधं होती. एप्लेरेनोन आल्डोस्टेरॉनच्या जागेवर नेमकं बसतं, त्यामुळे स्तनांचा त्रास क्वचितच होतो. अमिलोराइडचा संप्रेरकांशी संबंधच नाही. ते मूत्रपिंडातली सोडियमची वाट बंद करतं. हट्टी रक्तदाबासाठी ते चांगला पर्याय ठरू शकतं, पण अशक्त हृदयाच्या रुग्णाचं आयुष्य वाढवल्याचा जो पुरावा बाकी दोघांकडे आहे, तो अमिलोराइडकडे नाही. म्हणून डॉक्टरांनी एप्लेरेनोन २५ मिलिग्रॅम दिलं.

त्यांना खरा धक्का बसला तो तपासण्या तशाच राहणार हे ऐकून. तिन्ही औषधं मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर जाणं कमी करतात. रॅमिप्रिलसारखं एसीई इनहिबिटर आल्डोस्टेरॉन तयार होणंच घटवतं, म्हणजे तेही त्याच दिशेने ओढतं. दोन्ही मिळून पोटॅशियम साठतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रॅल्सनंतर स्पायरोनोलॅक्टोनचा वापर झपाट्याने वाढला, तेव्हा कॅनडातल्या ऑन्टॅरिओत या जोडीमुळे पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणारे आणि दगावणारे वाढले. औषध चांगलं होतं, पण लक्ष ठेवणं मागे पडलं होतं.

गोळी बदलताना त्यांचं पोटॅशियम ४.६ होतं आणि मूत्रपिंडं ठीक होती. आठवड्याने ते ४.९ आलं. महिन्याच्या तपासणीत मात्र ५.८. त्यांना काहीच जाणवत नव्हतं, म्हणून नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या असतील असं त्यांना वाटलं. तसं होऊ शकतं आणि मग आकडा खोटाच चढतो. पण लगेच पुन्हा घेतलेल्या रक्तातही तेवढंच आलं. ईसीजी सुदैवाने नेहमीसारखा होता.

मग मी बारीक चौकशी केली. गुडघ्यासाठी ते दहा दिवस आयबुप्रोफेन घेत होते. त्याने मूत्रपिंडाचं काम मंदावतं. शिवाय रक्तदाबासाठी चांगलं म्हणून घरात 'कमी सोडियमचं' मीठ आलं होतं. अशा मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. वेष्टनावर ते लिहिलेलं असतं, पण वाचायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दोन्ही बंद झालं आणि डॉक्टरांनी एप्लेरेनोन दिवसाआड केलं. साधारणपणे ५.५ च्या वर मात्रा घटवतात, ६ च्या वर गोळी थांबवतात आणि तातडीने उपचार करतात. आठवड्याने आकडा ४.८ झाला. तपासण्या काही दिवस जवळजवळ ठेवल्या, मग दर तीन महिन्यांनी.

दोन गोष्टी त्यांनी औषधांच्या कागदावर लिहून घेतल्या. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, कारण शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंडं मागे पडतात. आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा बुरशीवरची इट्राकोनॅझोल लिहून मिळाली, तर एप्लेरेनोन चालू आहे हे आधी सांगायचं. या औषधांमुळे एप्लेरेनोनची रक्तातली पातळी खूप वाढते.

छातीतला दुखरेपणा काही आठवड्यांत गेला. चकती बारीक व्हायला काही महिने लागले.