रेझिस्टन्स, रेझिस्टिव्हिटी आणि तुझी वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबत पाठवलेली वहीची पानं, दोन्ही वाचली. दहावीपर्यंत मराठीतून जे नीट कळत होतं तेच अकरावीच्या वर्गात अनोळखी वाटतं, म्हणून तू रोज वीस-वीस इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ पाठ करते आहेस. हे पाठांतर थांबव. त्या यादीत रेझिस्टन्स म्हणजे रोध आणि रेझिस्टिव्हिटी म्हणजे रोधकता असं एकाखाली एक लिहिलेलं आहे. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण या दोन गोष्टींत फरक काय ते त्या पानावर कुठेच नाही.

तो फरक तुला येतो का, हे असं तपास. एका तारेचा रोध 4 ओहम आहे. ती मधोमध कापली, तर अर्ध्या तुकड्याचा रोध 2 ओहम होईल, कारण लांबी निम्मी झाली. रोधकता मात्र तेवढीच राहील, कारण तांबं तेच आहे. आता तीच अख्खी तार ओढून दुप्पट लांब केली असं समज. तांबं वाढलेलं नाही, म्हणजे लांबी दुप्पट होताना जाडीचं क्षेत्रफळ निम्मं झालं. R = ρL/A मध्ये वरचा L दुप्पट आणि खालचा A निम्मा, म्हणून रोध चौपट, 16 ओहम. रोधकता याही वेळी तीच. ज्याने नुसती व्याख्या पाठ केली आहे तो इथे 8 म्हणतो, किंवा रोधकताही वाढली असं सांगतो. एखादी गोष्ट बदलली तर उत्तर काय होईल हे मराठीत बोलून सांगता आलं, की ती संकल्पना तुझी झाली. मग इंग्रजी नाव तिला सहज चिकटतं.

या नावांना एक शिस्तही आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर या हातात धरता येणाऱ्या वस्तू. रेझिस्टन्स, कपॅसिटन्स, इंडक्टन्स हे त्या विशिष्ट वस्तूचे गुण, त्यामुळे आकार बदलला की बदलणारे. रेझिस्टिव्हिटी, कंडक्टिव्हिटी, पर्मिटिव्हिटी हे पदार्थाचे गुण. तापमानाने तेही बदलतात, पण तार कापल्याने नाही. हा नियम सगळीकडे चालत नाही (रिलेटिव्हिटी हा कुठल्या पदार्थाचा गुण नव्हे), पण विद्युतच्या धड्यांत तो फार उपयोगी पडतो. एकक बघितलं तरी फरक दिसतो: रोधाचं ओहम, रोधकतेचं ओहम-मीटर. म्हणून वहीत शब्दाशेजारी अर्थाइतकीच जागा चिन्हाला आणि एककाला दे, आणि खाली ‘काय बदललं तर काय होईल’ असा एक प्रश्न स्वतःच्या मराठीत लिही.

आता तुझ्या चाचणीतल्या चुकांविषयी. त्या मला अवघड शब्दांच्या वाटल्या नाहीत, साध्या शब्दांच्या वाटल्या. गणित होतं: वस्तू ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’, त्वरण 2 m/s², ‘इन द फिफ्थ सेकंड’ कापलेलं अंतर काढा. तू 25 मीटर लिहिलंस. ते पहिल्या पाच सेकंदांतलं अंतर झालं. प्रश्न फक्त पाचव्या सेकंदाचा होता, म्हणजे पाच सेकंदांतले 25 वजा चार सेकंदांतले 16, उत्तर 9 मीटर. अक्सेलरेशन तुला कळलं होतं, ‘द फिफ्थ’ निसटलं. तसंच ‘फ्रॉम रेस्ट’ म्हणजे u = 0, ‘स्मूथ’ म्हणजे घर्षण धरायचं नाही, ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे दिलेल्या क्रमाने. असे शब्द कुठल्याही पारिभाषिक कोशात शोधत बसू नकोस. गणित सोडवताना अडलं की वहीच्या शेवटच्या पानावर टिपत जा. एका सत्रात ते दोन पानांपलीकडे जाणार नाहीत.

वाचनासाठी एक सोपी सोय तुझ्या हाताशी आहे. बालभारतीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक मराठीत तुझ्याकडे असेलच. त्याचीच इंग्रजी आवृत्ती मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. धाराविद्युत हा तिसरा धडा दोन्हीकडे समोरासमोर ठेवून वाच. आधी मराठी परिच्छेद, मग तोच इंग्रजीत. आशय ओळखीचा असल्यामुळे सगळं लक्ष वाक्याच्या घडणीकडे जातं. मग अकरावीचा तोच विषय उघड. उलट क्रमाने, म्हणजे नवा विषय नव्या भाषेत आधी वाचायला गेलीस, तर नेमकं अडलंय कुठे, विज्ञानात की इंग्रजीत, हे तुलाच कळणार नाही.

वर्गात लिहून घेताना भाषा मिसळली तरी चालेल. ‘तार ओढली, A कमी, म्हणून रेझिस्टन्स वाढला’ ही चांगली टीप आहे. संध्याकाळी त्याच टिपेचं एक पूर्ण इंग्रजी वाक्य कर, लहान, कर्ता-क्रियापद नीट असलेलं. परीक्षेत तेच लिहायचं आहे.

पुढच्या पत्रात मला एवढं कळव: 16 ओहमची ती लांब झालेली तार चार समान तुकड्यांत कापून ते तुकडे समांतर जोडले, तर एकूण रोध किती? आधी मराठीत कारण लिही, मग इंग्रजीत.

तुझे सर