जाताना 40, येताना 60, मग सरासरी 50 का नाही?

प्रश्न: साताऱ्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. जाताना 40 आणि येताना 60 च्या वेगाने गाडी चालवली तर सरासरी 48 येते, 50 का नाही? क्लासमध्ये सांगितलं की वेग आला की हरात्मक मध्य आणि वाढीचा दर आला की भूमितीमध्य. एवढं पाठ केलं तर भागेल का?

उत्तर:

नाही भागणार. वेगाच्या बऱ्याच प्रश्नांत हा नियम तुम्हाला चुकीचं उत्तर देईल. मी पलूसकडचा, आणि ही चूक स्वतः करून बसलोय, तेव्हा तिथूनच सांगतो.

बारावीत असताना आमचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला होता. फड ते कारखाना 12 किलोमीटर. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर ताशी 12 ने जायचा आणि रिकामा परत येताना ताशी 24 ने. मी वहीत सरासरी वेग 18 लिहिला. जाऊन येऊन 24 किलोमीटर, भागिले 18, म्हणजे एका खेपेला एक तास वीस मिनिटं, आणि तीन खेपांचे चार तास. वडिलांनी त्या हिशेबावर टोळीच्या मुकादमाला वेळा सांगून टाकल्या. प्रत्यक्षात जायला एक तास लागायचा, यायला अर्धा, म्हणजे खेपेला दीड तास आणि तीन खेपांना साडेचार. रोज तिसरी खेप अर्धा तास मागे पडायची. तेवढ्यात गाडीतळावर पुढे वीस-पंचवीस गाड्या लागलेल्या असायच्या आणि आमचा नंबर रात्री उशिरा यायचा. ड्रायव्हरकाका मला ‘गणितज्ञ’ म्हणायला लागले ते तेव्हापासून.

24 किलोमीटरला दीड तास, म्हणजे खरी सरासरी 16. कारण साधं आहे: अंतर दोन्हीकडे सारखं असलं तरी वेळ सारखा नव्हता. ट्रॅक्टर 12 च्या वेगात एक तास होता आणि 24 च्या वेगात अर्धाच तास. ज्या वेगात जास्त वेळ जातो तो सरासरीला आपल्याकडे ओढतो. तुमच्या गाडीचंही तेच. अंतर 120 किलोमीटर धरा: जायला तीन तास, यायला दोन, एकूण 240 किलोमीटर पाच तासांत, म्हणून 48. दोन सारख्या अंतरांसाठी याचंच सूत्र 2ab/(a+b) होतं, आणि त्यालाच हरात्मक मध्य म्हणतात.

आता तोच ट्रॅक्टर एक तास 12 ने आणि पुढचा एक तास 24 ने चालवा. दोन तासांत 36 किलोमीटर होतात आणि सरासरी बरोब्बर 18 येते, साधा मध्य. इथे हरात्मक मध्य लावलात की गुण गेले. प्रश्नपत्रिका काढणारे नेमके इथेच अडकवतात. म्हणून ‘वेग’ शब्दाकडे बघू नका, सारखं काय आहे ते बघा: अंतरं सारखी तर हरात्मक, वेळा सारख्या तर साधा. दोन्हींपैकी काहीच सारखं नसेल तर कुठलंच तयार सूत्र नको, एकूण अंतर भागिले एकूण वेळ करा. समजा परत येताना 18 किलोमीटरचा वळसा घेतला, वेग तोच 24. जायला 60 मिनिटं, यायला 45. एकूण 30 किलोमीटर पावणेदोन तासांत, साधारण 17.1. हे 16 ही नाही आणि 18 ही नाही. थांबण्याचंही असंच. काट्यावर आणि गव्हाणीपाशी दोन तास गेले तर वेगांच्या यादीत शून्य घालता येत नाही, कारण शून्याने भागायची वेळ येते. ते दोन तास सरळ एकूण वेळेत मिळवायचे: 24 भागिले साडेतीन, म्हणजे ताशी सातसुद्धा नाही.

एक गंमत, परीक्षेत विचारतातही. जाताना 12 ने गेलो, तर येताना किती वेगाने यावं म्हणजे सरासरी 24 होईल? कितीही पळवा, होणार नाही. 24 किलोमीटरला ताशी 24 म्हणजे एक तास, आणि तो तर जातानाच संपला.

भूमितीमध्याकडे या. शब्द ओळखीचा आहे, दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयात √ab म्हणून भेटलेला. तो लागतो तिथे बेरीज नसून गुणाकार चाललेला असतो. समजा हळदीचा क्विंटलचा दर 10,000 रुपये होता (आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतलेत). पहिल्या वर्षी तो 50 टक्के वाढला, दुसऱ्या वर्षी 40 टक्के पडला. बाजारात कुणीही सांगेल, ‘सरासरी पाच टक्के वाढच आहे की!’ पण 10,000 चे 15,000 झाले आणि 15,000 चे 9,000. ज्याने माल ठेवला तो हजार रुपयांनी खाली आला. ती 40 टक्क्यांची घट मोठ्या आकड्यावर बसली, हे साध्या सरासरीला दिसत नाही.

इथे टक्के घ्यायचे नाहीत, पटी घ्यायच्या: 1.5 आणि 0.6. गुणाकार 0.9, त्याचं वर्गमूळ 0.9487. म्हणजे दरवर्षी सुमारे 5.13 टक्के घट. ताळा करून बघा: 10,000 ला दोनदा 0.9487 ने गुणलं की 9,000 येतात. टक्केच घातलेत, म्हणजे 50 आणि −40, तर गुणाकार ऋण येतो आणि मूळ निघतच नाही. एक्सेल त्याला `#NUM!` म्हणतं. बरोबर असं लिहा:

```
=GEOMEAN(1.5, 0.6)-1
=HARMEAN(12, 24)
```

पहिल्याचं उत्तर −0.0513, दुसऱ्याचं 16.

यात आणखी एक खड्डा आहे, चांगले चांगले पडतात. 2019 ते 2024 असे सहा वर्षांचे आकडे दिले असतील, तर मधल्या उड्या पाचच असतात. एक लाखाचे दोन लाख झाले असतील तर 2 चं पाचवं मूळ काढायचं, म्हणजे 14.9 टक्के. सहावं काढलंत तर 12.2 येतं, आणि पर्यायांत ते बहुतेक असतंच. वाढ दरवर्षी ठरावीक रुपयांनी होत असेल, सरळव्याजासारखी, तर मात्र भूमितीमध्याची गरज नाही. तिथे साधा मध्यच खरा.

परीक्षेत बहुधा कामाला येणार नाही, पण आकडे वाचताना येईल अशी एक गोष्ट. पटींचा गुणाकार केला की मधली सगळी वर्षं कटतात आणि हातात फक्त पहिला आणि शेवटचा आकडा उरतो. त्यामुळे सुरुवातीचं वर्ष कोणतं धरलं यावर सगळं ठरतं. सांगलीच्या बाजारपेठेतल्या, पुरात सापडलेल्या दुकानाची वाढ महापुराच्या 2019 पासून मोजली तर डोळे दिपतील. 2018 पासून मोजा, मग त्याच दुकानाचा आकडा बघा.