पीएमएसच्या रिपोर्टमधले दोन परतावे: टीडब्ल्यूआरआर आणि एक्सआयआरआर

प्रश्न: माझ्या पीएमएसच्या, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिसच्या, रिपोर्टमध्ये टीडब्ल्यूआरआर १२.२५% आणि एक्सआयआरआर १.४९% असे दोन आकडे आहेत. सुरुवातीला ५० लाख टाकले, वर्षाअखेर त्याचे ७० लाख झाले म्हणून आणखी १ कोटी टाकले. दुसऱ्या वर्षाअखेर १.५३ कोटी आहेत. दीड कोटीवर फक्त ३ लाख सुटले, मग १२ टक्के कुठून आले? कोणता आकडा खरा?

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत. टीडब्ल्यूआरआर मॅनेजरच्या कामाचा आहे, एक्सआयआरआर तुमच्या पैशाचा.

टीडब्ल्यूआरआर काढताना तुम्ही पैसे टाकलेत त्या दिवशी हिशोब तोडतात आणि प्रत्येक तुकड्याचा परतावा स्वतंत्र काढतात. पहिल्या वर्षी ५० चे ७० झाले, म्हणजे ४० टक्के वाढ. दुसऱ्या वर्षी १७० चे १५३ झाले, म्हणजे १० टक्के घट. १.४० गुणिले ०.९० म्हणजे १.२६, त्याचं वर्गमूळ १.१२२५, म्हणून वर्षाला १२.२५ टक्के. यात ५० लाख आणि १७० लाख यांचं वजन सारखंच धरलं जातं.

एक्सआयआरआर रक्कम आणि तारीख दोन्ही पाहतो. तुमचं चांगलं वर्ष ५० लाखांवर गेलं आणि वाईट वर्ष १७० लाखांवर, म्हणून आकडा इतका खाली आला. एक्सेलमध्ये स्वतः तपासा: दुसऱ्या ओळीपासून A स्तंभात तारखा, B स्तंभात टाकलेले पैसे उणे चिन्हाने आणि शेवटच्या तारखेचं मूल्य अधिक चिन्हाने.

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

आता न्याय्य कोणता? हे एका गोष्टीवर ठरतं: ते १ कोटी त्या दिवशी टाकायचं कोणी ठरवलं? तुम्ही ठरवलं असेल तर त्या वेळेचा दोष मॅनेजरवर घालता येत नाही, आणि त्याला टीडब्ल्यूआरआरनेच मोजायला हवं. सेबीच्या २०२० च्या नियमांनुसार पोर्टफोलिओ मॅनेजरला आपली कामगिरी याच पद्धतीने दाखवावी लागते, त्यामागचं कारण हेच. पण प्रायव्हेट इक्विटी फंडात पैसे कधी मागवायचे आणि कधी परत करायचे हे व्यवस्थापकच ठरवतो, म्हणून तिथे एक्सआयआरआरसारखाच रक्कम आणि वेळ पाहणारा आयआरआर योग्य. तुमच्या सल्लागाराने ‘आता वाढवा’ असं सांगितलं असेल, तर त्याच्या सल्ल्याचं मोजमापही एक्सआयआरआरनेच करा. तो १२ टक्क्यांमागे लपू शकत नाही.

सगळ्यात जास्त फसगत निर्देशांकाशी तुलना करताना होते. समजा त्याच दोन वर्षांत निर्देशांक आधी २० टक्के वाढला आणि मग १५ टक्के पडला. त्याचा वार्षिक परतावा साधारण १ टक्का येतो. तुमचा एक्सआयआरआर १.४९ टक्के त्याशेजारी ठेवला तर वाटेल, मॅनेजरने काहीच केलं नाही. ही तुलनाच चुकीची आहे, कारण निर्देशांकाच्या आकड्यात तुमचे १ कोटी कुठेच नाहीत. तुमचेच पैसे त्याच तारखांना निर्देशांकात टाकून बघा: ५० चे ६०, त्यात १०० मिळून १६०, मग १५ टक्के पडून १३६ लाख. म्हणजे १४ लाखांचा तोटा, एक्सआयआरआर उणे ७.१३ टक्के. तुमच्याकडे १५३ आहेत. मॅनेजरने १७ लाखांचा फरक पाडला, आणि तो तुलना सरळ केल्याशिवाय दिसत नाही. थोडक्यात, टीडब्ल्यूआरआरची तुलना निर्देशांकाच्या परताव्याशी, आणि एक्सआयआरआरची तुमच्याच तारखा-रकमा घातलेल्या निर्देशांकाच्या एक्सआयआरआरशी.

टीडब्ल्यूआरआरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पैसे आले त्या दिवशी पोर्टफोलिओचं मूल्यांकन केलं नसेल, तर आकडा केवळ अंदाज असतो. एक टोकाचं उदाहरण घ्या. तीस दिवसांच्या महिन्यात ५० लाख पहिल्या पंधरवड्यात ५५ झाले, तेव्हा १०० लाख आले, आणि उरलेल्या पंधरवड्यात १५५ चे १३९.५ झाले. खरा परतावा १.१० गुणिले ०.९०, म्हणजे उणे १ टक्का. मॉडिफाइड डिएट्झ हे मासिक सूत्र मात्र १०.५ लाखांच्या तोट्याला सरासरी भांडवलाने, म्हणजे ५० अधिक १०० चे अर्धे अशा १०० लाखांनी भागतं आणि उणे १०.५ टक्के देतं. म्हणून मॅनेजरला विचारा: मूल्यांकन रोजचं आहे की महिन्याचं, आणि मोठी रक्कम आली की त्या दिवशी हिशोब तोडता का?

सोबत फीचंही विचारून घ्या. ती पोर्टफोलिओतून कापली असेल तर खर्च म्हणून परताव्यातून वजा व्हायला हवी. ‘तुम्ही काढलेले पैसे’ म्हणून नोंदवली असेल तर दोन्ही परतावे फुगलेले दिसतील.